आधी गिऱ्हाईक असलेला माणूस शोधा

ताई, नमस्कार. माझे मिस्टर केंद्र सरकारच्या नोकरीत आहेत. फेब्रुवारीत त्यांची नाशिकहून बेळगावला बदली झाली, तीन वर्षं तरी इथंच. टिळकवाडीत भाड्यानं राहतो. नाशकात मी एका शाळेच्या ऑफिसात होते, ती नोकरी सुटली. इथं ओळखीचं कुणी नाही, कन्नड येत नाही. 60 हजार रुपये बाजूला आहेत. क्रोशे आणि भरतकाम बरं येतं, स्वयंपाकही. कुणी म्हणतं डबे सुरू कर, कुणी म्हणतं फ्रँचायझी घे. नणंद म्हणते, नाशिकहून माल मागव आणि मिस्टरांच्या ऑफिसातल्या बायकांना विक. नेमका कोणता धंदा करू?
— एक वाचक, टिळकवाडी

ताई, सगळ्यात आधी नणंदेची कल्पना बाजूला ठेवा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना जे आचरण नियम लागू असतात, त्यात घरातलं माणूस धंदा करत असेल तर ते खात्याला कळवायचं असतं. त्याला बंदी नाही, पण कळवणं सक्तीचं आहे. मिस्टरांनी ऑफिसात एक साधं पत्र दिलं की काम झालं. मात्र त्यांच्या हाताखालच्या माणसांच्या बायकांनी तुमच्याकडून काही विकत घेतलं, तर ते आवडलं म्हणून घेतलं की साहेबांची भीड पडली म्हणून, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. धंदा सुरू करणाऱ्याला असं खोटं गिऱ्हाईक सगळ्यात महाग पडतं. पाच बायकांनी घेतलं म्हणून तुम्ही पन्नास नगांचा माल भरता आणि सहावी येतच नाही.

माझं स्वतःचं असंच झालं. चौदा वर्षांपूर्वी आम्ही बेळगावात आलो तेव्हा माझ्या हाताला चव आहे असं माहेरचे सगळे म्हणत. त्या भरवशावर मी मे महिन्याच्या शेवटी चटणी करायला घेतली. आपल्या इकडं चटणी म्हणजे वर्षाचं तिखट, हे तुम्हाला आता कळलं असेलच. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणली, वर्षभराचा माल कांडून, पाकिटं भरून ठेवला. शेजारच्या आक्कांना दोन पाकिटं दिली. त्यांनी हसत हसत ठेवून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘आमची चटणी झाली की ओ गेल्या महिन्यातच.’’ तेवढ्या एका वाक्यात माझा धंदा संपला होता, मला कळायला मात्र दिवाळी उजाडली. इथल्या घरात मिरची स्वतः निवडून, उन्हात वाळवून, डंकावर उभं राहून कांडून आणायची रीत आहे. परक्या बाईच्या हातची चटणी वर्षभर खायला कोण तयार होणार? आणि मी ती विकायला काढली कधी, तर सगळ्यांची बरणी भरून झाल्यावर. चटणी चांगलीच होती. मी गावाला काही विचारलं नव्हतं, एवढीच चूक.

म्हणून ‘कोणता धंदा करू’ हा प्रश्न मी थोडा फिरवते. तुमची अडचण कल्पनेची नाही, ओळखीची आहे. घरोघरची गिऱ्हाइकं जोडायची म्हटली तर दीडशे-दोनशे घरांत विश्वास बसायला हवा आणि तोवर तुमची तीन वर्षं संपतील. पण ज्यांच्याकडे ती घरं आधीच येतात असे पाच-सहा दुकानदार तुम्ही महिनाभरात गाठू शकता. त्यांचं एखादं काम अडतं, वेळेवर होत नाही, बाहेरगावी पाठवावं लागतं. तेच अडलेलं काम आपण उचलायचं. नवख्या गावात दुसऱ्याची ओळख उसनी घेण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

तुमच्या हातात क्रोशे आहे, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर एकच काम येतं: साडीच्या पदराचे गोंडे. कन्नडमध्ये त्याला कुच्चु म्हणतात. नाशकात तुम्ही पदराच्या दशांना गाठी मारून घेत असाल किंवा तेही नाही. कर्नाटकात नवी साडी, त्यातून रेशमी, कुच्चु केल्याशिवाय नेसायची नाही असं बऱ्याच घरांत असतं. आणि बेळगाव म्हणजे साड्यांचं गाव. वडगाव, खासबाग, शहापूरच्या गल्ल्यांतून दुपारी गेलात तर मागांचा खडखडाट ऐकू येतो. खडेबाजार, गणपत गल्लीतली दुकानं लग्नसराईत भरून वाहतात. चंदगडकडचे लोक राज्याची हद्द ओलांडून बस्ता बांधायला इथंच येतात. त्यांना साडी घेऊन त्याच दिवशी परत जायचं असतं, फॉल-बीडिंग आणि गोंड्यांसाठी दुसरी फेरी नको असते. दुकानदाराचं काम अडतं ते इथं.

हे मी माझ्या अंदाजानं सांगते आहे, त्यावर विसंबून एक रुपयाही घालू नका. आधी चौकशी करा. बारा दुकानं ठरवा, चार मोठी, आठ लहान, आणि मंगळवार-बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास जा. संध्याकाळी गल्ल्यावर बसलेला माणूस तुमच्याशी बोलणार नाही. ‘‘मी गोंडे करते, काम द्याल का?’’ असं विचारू नका. कुणीही ‘‘हां हां, नंबर ठेवून जावा’’ म्हणेल. त्या ‘ठेवून जावा’चा अर्थ नाही असाच धरायचा. विचारायचं ते झालेल्या गोष्टीबद्दल. गेल्या लग्नसराईत कुच्चुसाठी किती साड्या बाहेर दिल्या? कोण करून देतं? किती दिवस लागतात? शेवटची तक्रार कशाची आली होती? गिऱ्हाइकाकडून किती घेता? पुढं काय करीन हे माणूस तोंडदेखलं बोलतो, मागं काय झालं हे मात्र खरं सांगतो, कारण तिथं त्याचा त्रास असतो. एखादा म्हणाला, ‘‘आमची एक बाई आहे, पण सीझनला तीन तीन आठवडे लावते,’’ की समजा दार किलकिलं झालं. दुसरा म्हणाला, ‘‘आमच्याकडं कुणी विचारतच नाही,’’ तर तेही वहीत लिहा. बारापैकी आठांनी असं सांगितलं तर हे काम सोडून द्या. माझा अंदाज चुकला असं समजा आणि हेच प्रश्न घेऊन दुसऱ्या कामाच्या मागं लागा. तुमचे बसभाड्याचे पैसे तेवढे गेलेले असतील.

कन्नडची फार धास्ती घेऊ नका. बाजारात मराठी चालतं, हिंदी चालते. पण साडीला सीरे, किती दिवस हे ‘एष्टु दिन’, कधी पाहिजे हे ‘यावाग बेकु’, उद्या म्हणजे ‘नाळे’, एवढे शब्द तोंडी बसवा. शब्द चुकला तर समोरचा हसून दुरुस्त करतो आणि तिथूनच बोलणं सुरू होतं.

आता हिशेब. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या वहीतले आले की हे खोडून ते घाला. पदराची रुंदी साधारण 45 इंच. इंचाइंचावर एक गोंडा म्हटलं की 45 गोंडे. रेशमी धागे मोजून घ्यायचे, सुईनं पदराच्या काठातून ओवायचे, दुमडून वरून जरीच्या दोऱ्यानं आवळायचे आणि खालून एका रेषेत कापायचे. हात बसल्यावर एका गोंड्याला 3 मिनिटं. म्हणजे 135 मिनिटं, वर काठ दुमडून घेणं आणि शेवटची कातरणी धरून अडीच तास. दुकानदार गिऱ्हाइकाकडून 400 घेतो आणि तुम्हाला 250 देतो असं समजू. धागा, जर, मणी यांचे 40 गेले, उरले 210. तासाला 84 रुपये पडले.

याच दुकानदाराकडं फॉल-बीडिंगचंही काम असतं आणि बहुतेक वेळा तो आधी तेच देऊ करतो. तो 70 देतो असं धरा. फॉलपट्टीचे आणि बाहेरून बीडिंग करून घेण्याचे मिळून 35 गेले. हातानं फॉल लावायला नवख्याला तासभर लागतो. तासाला 35 रुपये, गोंड्यांच्या निम्म्याहूनही कमी. बऱ्याच जणी इथंच फसतात. फॉलचं काम भरपूर मिळतं, रोज मिळतं, त्यामुळं धंदा चालल्यासारखा वाटतो आणि महिनाअखेर कंबर तेवढी मोडलेली असते. फॉल घ्या, पण तो दुकानात पाय ठेवण्यापुरता. ‘‘फॉलसोबत कुच्चुही माझ्याकडंच द्या, एकाच दिवशी दोन्ही मिळेल,’’ असं म्हणून घ्या. फॉलला हात लागेनासा झाला की तो गल्लीतल्या एखाद्या गरजू बाईला वाटून द्या. मणी घालून क्रोशेनं विणलेला कुच्चु याहून बराच महाग जातो आणि तुमची खरी कमाई पुढं तिथंच आहे. पण सुरुवात साध्यानं करा, कारण साध्या गोंड्यांत चूक झाली तर उसवता येते.

महिन्याला 40 साड्या मिळाल्या तर 100 तास काम आणि 8,400 रुपये. आठवड्यातून दोनदा बाजारात जाण्या-येण्याचे महिन्याला 800 वजा करा, राहिले 7,600. नाशिकच्या पगाराशी याची तुलना करू नका, तो आकडा मला माहीत नाही आणि तुमचं मन उगाच खट्टू होईल. पण हे घरात बसून, मुलांच्या वेळा सांभाळून आणि 60 हजारांतले जेमतेम 4-5 हजार घालून उभं राहतं. उरलेले पैसे बँकेतच राहू द्या. फ्रँचायझीला मी नाही म्हणते ते याचसाठी. अनामत रक्कम, जागेचं डिपॉझिट, फर्निचर यात पैसा अडकतो आणि दुसऱ्या वर्षी बदलीची ऑर्डर आली तर तो मोकळा करायला तुम्ही इथं नसाल. डबे वाईट नाहीत, पण डब्यांना सुट्टी नसते आणि ओळख नसताना पहिले दहा डबे मिळेपर्यंत रोज अन्न उरतं. मग तेच दोन वेळा तुम्ही जेवता.

चौकशीतून होकार आला की आधी घरातल्या दोन जुन्या साड्या घ्या. एकीवर साधे गोंडे, दुसरीवर मण्यांचे. शिवाय पदराच्या रुंदीची कापडाची पट्टी घेऊन तिच्यावर चार-पाच नमुने करा आणि प्रत्येकाखाली लागलेला वेळ लिहून ठेवा. दुकानदाराला दाखवायचे ते हेच. मोबाईलवरच्या फोटोंवर त्याचा विश्वास बसत नाही, कारण ते कुणाचेही असू शकतात. पट्टी तो बोटांत धरून ओढून बघतो. बघू द्या.

यात बिघडतं काय, तेही सांगते. पहिलं म्हणजे रंग. लाल, डाळिंबी, गडद हिरवा धागा फिक्या पदरावर उतरतो आणि तो पहिल्या धुण्यात किंवा इस्त्रीच्या वाफेत कळतो. म्हणून नव्या रिळाचा वीतभर धागा ओला करायचा, पांढऱ्या सुती फडक्यात ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग उठला तर ते रीळ बाजूला. हे काम पाच मिनिटांचं आहे, पण एकदा आठ-दहा हजारांच्या साडीवर डाग पडला तर अडीचशे रुपयांच्या मजुरीत तो कसा भरून काढणार? याच इस्त्रीचा दुसरा धोका असा की रेशमी म्हणून विकलेला चकचकीत धागा कृत्रिम असेल तर आकसतो आणि गोंड्याचं टोक कडक होतं. चाचणीत तेही दिसतं.

दुसरं, साडी हातात घेतानाच दुकानात पूर्ण उलगडून बघा. ओढलेला धागा, डाग, काठाला फाट, जे दिसेल ते दुकानदारासमोर वहीत लिहा, त्याचा बिल नंबर, तारीख, कधी द्यायची तेही. त्याला सुरुवातीला किंचित राग येईल. येऊ द्या. एक साडी डागाळलेली निघाली आणि आळ तुमच्यावर आला की ती वहीच तुमच्या बाजूनं बोलेल. घरी साड्या जुन्या सुती धोतरात गुंडाळून, जमिनीपासून वर, स्वयंपाकघरापासून लांब. पावसाळ्यात बेळगावची हवा किती दमट असते हे तुम्ही या जूनपासून बघालच. ओलसर भिंतीला लागून साडी ठेवायची नाही.

तिसरं म्हणजे उधारी. ‘‘महिन्याला हिशेब करू, वहिनी,’’ हे गोड वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येईल. पहिल्या तीन खेपा साडी द्या, पैसे घ्या. त्यानंतर पंधरवड्याचा हिशेब ठेवा आणि एका दुकानाकडं 2,000 च्या वर थकू देऊ नका. तेवढे थकले की नव्या साड्या उचलायच्या थांबवायच्या, भांडायचं नाही. ज्याला तुमची गरज आहे तो देतो. जो देत नाही त्याला तुमची गरज नव्हती, स्वस्त हात हवे होते.

वेळ मात्र साधायला हवी. आषाढात कर्नाटकातली साड्यांची दुकानं सेल लावतात, पण तेव्हा लग्नं नसल्यानं कुच्चुचं काम मंद असतं. दुकानदाराला बोलायला सवड असते, हे तुमच्या सोयीचं. श्रावणात पौर्णिमेच्या आधीच्या शुक्रवारी वरमहालक्ष्मीचं व्रत येतं, कन्नड घरांतून त्याला नवी साडी लागते. त्याच्या पाठोपाठ गौरी-गणपती, मग दसरा-दिवाळी आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई. म्हणजे चौकशीतून होकार आला की ज्येष्ठात हात बसवा, आषाढात नमुने घेऊन दुकानं फिरा, श्रावणात पहिल्या पाच साड्या घ्या. पाचच. त्या कबूल केल्या दिवसाच्या एक दिवस आधी परत करा. पंधरा दिवसांत बारापैकी तीन दुकानांनी आपण होऊन दुसरी खेप दिली तर पुढं चला. एकानंच दिली तर दर कमी करून काम ओढू नका, काय आवडलं नाही ते विचारा. सहसा उत्तर दराचं नसतं. गोंडे सारख्या अंतरावर नसतात, नाहीतर दिलेली तारीख चुकलेली असते.

कागदपत्रांचं थोडक्यात. दुसऱ्याच्या साडीवर मजुरीनं काम करणं ही सेवा धरली जाते, आणि वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीचा प्रश्न येत नाही, काम कोल्हापूरच्या दुकानासाठी केलं तरी. पण उद्या वाटलं की वडगावच्या साड्या आपणच घ्याव्यात, गोंडे करून नाशिकच्या मैत्रिणींना विकाव्यात, तर तो माल राज्याबाहेर जातो आणि मालाच्या बाबतीत साधारणपणे पहिल्या विक्रीपासूनच नोंदणी लागते. हद्दीवरच्या गावात हा फरक अनेकांना माहीत नसतो. त्या वाटेला जाण्याआधी एखाद्या सीएला शंभरदा विचारा. छोट्या धंद्यांसाठी असलेली सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे, आधार आणि पॅनवर होते, पत्ता नंतर बदलता येतो. ती udyamregistration.gov.in वर स्वतः करा, करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला देऊ नका. घरातून काम असेल तोवर पाटी लावायची गरज नाही. पुढं दुकान घेतलंच तर पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या बाजूला, असा राज्याचा कायदा आहे. रंगाऱ्याला ते आधी सांगा, पाटी दोनदा रंगवावी लागणार नाही.

बदलीचं काय, हा तुमच्या मनातला प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो आहेच. दुकानं सोबत नेता येणार नाहीत. तीन गोष्टी मात्र येतील: नमुन्यांची पट्टी, वेळ आणि दर लिहिलेली वही आणि धागा तपासायची सवय. पुढची बदली कर्नाटकातच झाली, हुबळीला किंवा मैसूरला, तर हेच काम तिथं पहिल्या महिन्यात उभं राहील. विदर्भात झाली तर गोंडे चालतीलच असं नाही. तेव्हा तिथल्या बारा दुकानांत जाऊन विचारायचे प्रश्न तुमच्याकडं तयार असतील, काम वेगळं असेल. आणि इथं फॉलसाठी ज्या बाईला हाताशी धराल, तिला दुसऱ्या वर्षापासून गोंडेही शिकवा. जाताना दुकानदारांना तिचा नंबर द्या आणि तिच्याकडून नमुन्यांचे ठरवून पैसे घ्या, फुकट देऊ नका.

पुढच्या मंगळवारी शहापूरच्या खडेबाजारापासून सुरुवात करा. तिथली दुकानं लहान आहेत, मालक स्वतः बसलेले असतात. बाराव्या दुकानातून बाहेर पडल्यावर वहीत काय लिहिलंय ते मला कळवा, विशेषतः ‘शेवटची तक्रार कशाची’ याची उत्तरं.